हातांच्या संधिवातासाठी एचआरला काय लिहायचं?

"ताई, दोन्ही हातांना जबर संधिवात आहे आणि दिवसभर टायपिंगचं काम. एचआरला मेल लिहायला घेते नि पुसून टाकते. रडगाणं वाटेल, नोकरीवर बेतेल, अशी धास्ती वाटते. नेमकं काय लिहू?"

अंबडच्या एका कारखान्यात बिलं करणाऱ्या बाईंनी पहिला मेल पानभर लिहिला होता. त्यात दुखणं होतं, गोळ्यांची नावं होती आणि शेवटी 'काहीतरी सोय करावी'. आठवड्यात नवी खुर्ची आली. पण दुखत होतं अंगठ्याच्या मुळाशी. मेलमध्ये आजार होता, काम कुठे अडतं ते नव्हतंच, म्हणून हे असं झालं.

मग त्यांना दोन दिवस टिपून ठेवायला सांगितलं: कोणतं काम, किती वाजता, हात कुठे अडतो. तीन गोष्टी दिसल्या. सकाळचा पहिला तास बोटं आखडलेली असतात. माऊस धरला की अंगठा ठणकतो. कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांची बटणं असल्याने माऊस लांब जातो आणि प्रत्येक वेळी हात ताणावा लागतो.

दुसरा मेल एवढाच होता:

"विषय: हातांच्या संधिवातामुळे कामाच्या जागेत बदलाची विनंती

मला दोन्ही हातांना संधिवात आहे. बिलांचं काम मी करू शकते, मात्र माऊस पकडणं आणि सलग टायपिंग जड जातं. त्यासाठी हवं आहे: १) लहान हाताच्या मापाचा उभा माऊस, २) हलक्या बटणांचा आखूड कीबोर्ड आणि डावीकडे ठेवता येईल असा सुटा नंबर पॅड, ३) कीबोर्ड कोपराच्या उंचीवर येईल असा सरकता ट्रे, ४) सकाळी पहिला तास टायपिंगऐवजी बिलं तपासण्याचं काम. चार आठवडे वापरून पाहून आपण पुन्हा बोलू. डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे."

डॉक्टरांच्या पत्रात हाताला काय झेपत नाही एवढंच असावं. सगळी फाइल जोडायची गरज नाही. अंगठ्याने फिरवायचा ट्रॅकबॉल मात्र मागू नका, सगळा भार दुखऱ्या सांध्यावरच येतो. माऊसचं माप लिहायला विसरू नका. मोठा आला तर बोटं फाकतात आणि संध्याकाळी तळहात भरून येतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या यादीत संधिवात नावाने नाही, म्हणून मेलमध्ये कायद्याचा धाक घालू नका. पण कलम २१ प्रमाणे खासगी कंपनीनेही समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. ते आधी मागून वाचा.

उत्तर तोंडी मिळालं, तर त्याच दिवशी 'आज ठरल्याप्रमाणे' म्हणून दोन ओळींचा मेल टाका. बाईंचा ट्रे त्यामुळेच आला. तोंडी कबुलीनंतर तीन आठवडे तो कुणाच्याच लक्षात नव्हता.