पहिल्या मेसेजमधले hi आणि hiii

स्थळाकडच्या मुलीला पहिल्यांदाच मेसेज करायचा आहे. नुसतं hi, hi! की hiii, आणि सोबत इमोजी टाकायचा का? याने खरंच फरक पडतो?

पडतो, आणि पहिल्या मेसेजमध्ये सर्वांत जास्त पडतो, कारण तुमच्या लिहिण्याची दुसरी कोणतीच खूण तोवर वाचणाऱ्याजवळ नसते. रोजच्या मैत्रिणीच्या hiii मधले i कोणी मोजत नाही. अनोळखी माणसाचे मात्र मोजले जातात.

आमच्या रावेरकडे केळीच्या बागेपलीकडून ‘राम राऽऽम’ अशी हाक येते, ती अंतरामुळे लांबते. ओट्यावर शेजारी बसलेल्या पाहुण्याला कोणी तसा राम राम घालत नाही, आणि घातलाच तर त्यामागे जुनी सलगी असते. फोनवर अंतराचे कारण उरत नाही, म्हणून लांबवलेले अक्षर थेट सलगी म्हणूनच वाचले जाते. शिवाय देवनागरीत काना दोनदा टंकला तर ‘हााय’ हे चुकल्यासारखे दिसते, त्यामुळे एरवी मराठीत लिहिणारेही या एका शब्दासाठी रोमन अक्षरांकडे वळतात.

माझ्या मावसभावाने धुळ्याच्या एका स्थळाला पहिलाच मेसेज ‘hiii 😍’ असा पाठवला होता. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, ‘नमस्कार.’ त्या पूर्णविरामाने तो खचला आणि पुढचे दोन दिवस नुसते hi लिहू लागला. तेव्हा तिनेच विचारले, ‘माझं काही चुकलं का?’ ती प्रत्येक वाक्यानंतर पूर्णविराम देतच असे. त्याचे मात्र तीन i वरून एकावर येणे तिला नाराजी वाटले. पहिला मेसेज असा पुढच्या सगळ्या मेसेजचे माप ठरवतो, आणि hiii ने सुरुवात केली की तो उत्साह रोज टिकवावा लागतो. पूर्णविरामाबद्दलची त्याची भीती अगदीच निराधार नव्हती. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पूर्णविराम दिलेले एका शब्दाचे उत्तर मेसेजमध्ये कमी मनापासूनचे वाटले. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तसा फरक दिसला नाही.

उद्गारचिन्हाचे तसे नाही. पत्रांत, निमंत्रणांत ‘नमस्कार!’ वाचायची आपल्याला सवय आहे, त्यामुळे एक चिन्ह केवळ प्रसन्न वाटते; तीन दिली की घाई किंवा आरडाओरडा जाणवतो. इमोजींपैकी 🙏 वडीलधाऱ्यांना शोभतो, पण बरोबरीच्या मुलीला तो फार औपचारिक वाटू शकतो; 😍 तर रूपावरचा शेराच होतो, आणि तो ओळखीआधी नको.

मी तुमच्या जागी असतो तर लिहिले असते: ‘नमस्कार! मी अमुक, जळगावहून. काल आपल्या घरच्यांनी नंबर दिला. बोलायला कोणती वेळ सोयीची आहे? 😊’ येथे हसरा चेहरा प्रश्नानंतर येतो, कारण उलटतपासणीसारखे वाटण्याचा धोका अभिवादनापेक्षा त्या प्रश्नालाच अधिक आहे.