आरोप काउंटरवर केला असेल तर माफी केबिनमध्ये मागू नका

प्रश्न: सहकाऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं. काम मात्र रोज दोघांनी मिळूनच करावं लागतं. पुन्हा विश्वास कसा बसवायचा?

चहा पाजून बसत नाही, एवढं आधी सांगतो. आमच्या मॅनेजरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बसवून पेढा भरवायला लावला होता. त्या पेढ्याने सहा महिने वाया घालवले.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत अकाउंटंट होतो. कॅशियर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, सगळा स्टाफ त्यांना मामा म्हणायचा. तिजोरीला दोन कुलपं. एक चावी मामांकडे, एक माझ्याकडे. एकट्याला उघडता येत नाही, लावताही येत नाही. म्हणजे कितीही भांडा, सकाळी पावणेदहाला आणि संध्याकाळी कॅश मिटवताना एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचंच. तुमचं काम बहुतेक इतकं बांधलेलं नसेल.

मृगाचे दिवस होते. पाऊस लवकर पडलेला, सोयाबीनच्या बियाण्यासाठी उचल घ्यायला झुंबड आणि खतवाल्यांचा भरणाही तेवढाच. संध्याकाळी कॅश मोजली तर २७,००० कमी. दोनदा मोजली, मशीनवर घातली, गड्ड्या फोडून हाताने मोजली. २७,००० कमीच.

मामा म्हणाले, "साहेब, सत्तावीसला नवानं भाग जातो. आकडा उलटा पडलाय कुठंतरी. व्हाउचरं काढा."

हा जुन्या मुनिमांचा ठोकताळा आहे आणि तो खरा आहे. शेजारशेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली की येणाऱ्या फरकाला नवाने भाग जातोच. पुढचंही सोपं आहे. २७,००० ला नवाने भागलं की ३,००० येतात, म्हणजे दहा हजारांच्या आणि हजारांच्या घरातल्या आकड्यांत तीनचा फरक असलेली नोंद शोधायची. १४ की ४१, २५ की ५२, ३६ की ६३. दहा हजारांवरच्या नोंदी त्या दिवशी काही शेकड्यांनी नव्हत्या. पंधरा मिनिटांचं काम होतं.

मी ते केलं नाही. साडेआठ वाजले होते, लाईट दोनदा जाऊन आली होती. चार पिग्मी एजंट भरणा घेऊन काउंटरपुढे ताटकळत उभे होते, बाकड्यावर दोन-तीन सभासद बसलेले. त्या सगळ्यांदेखत मी म्हणालो, "आकडा उलटा नाही पडला मामा, पैसे उलटे गेलेत. कुठं ते तुम्हाला माहीत."

मामा काहीच बोलले नाहीत. घरी गेले आणि पोरीच्या फीचे ठेवलेले पैसे आणून कॅश पुरी केली. आमच्याकडे कमी पडलेली कॅश कॅशियरने त्याच दिवशी भरायची असा नियम होता. मग मला सही करायला सांगून त्यांनी आपली चावी फिरवली.

अकराव्या दिवशी एक खतवाला पासबुक छापून घेऊन आला. "माझ्या खात्यात सत्तावीस हजार जास्त दिसायलेत, हे कामून?" त्याने भरले होते छत्तीस हजार. स्लिपवर आकड्यात आणि अक्षरात दोन्हीकडे छत्तीसच. कॉम्प्युटरला पडले त्रेसष्ट. छत्तीसचा आकडा म्हणतात तो असा, आमच्यात तर तो कागदावरच सापडला.

आता यातली माझी गोम ऐका. पन्नास हजारांवरची नोंद कॅशियरच्या एकट्याच्या बोटावर होत नव्हती, ती माझ्या स्क्रीनवर पास व्हायला यायची. मामांनी बरोबर छत्तीस टाकले असते तर ती नोंद मला दिसलीही नसती. चुकून त्रेसष्ट टाकले म्हणूनच ती माझ्याकडे आली, आणि मी स्लिप हातात न घेता पास केली. संध्याकाळी डे-बुकच्या प्रिंटवर व्हाउचर बघून एकेक टिक करायची, तीही मी व्हाउचर न बघता केली. मामांची चूक एकदा झाली, माझी दोनदा. वर चोर तेच ठरले.

खतवाल्याची नोंद दुरुस्त केली. तेवढीच कॅश जास्त निघाली, ती मामांना परत दिली. कागदावर विषय संपला. मी केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "मामा, माफ करा, गैरसमज झाला." वर तो पेढा. मामांनी पेढा खाल्ला. बाहेर येताना एवढंच म्हणाले, "आरोप काउंटरवर आन् माफी केबिनमधी का?"

मला तेव्हा राग आला. म्हटलं, आता काय दवंडी पिटू?

त्यानंतरचे सहा महिने कसे गेले ते सांगतो, कारण तुम्ही बहुधा तिथेच आहात. बोलणं बंद नव्हतं, कामापुरतं चालू होतं. पण मी मोजलेली गड्डी मामा पुन्हा मोजायचे, तीही माझी पाठ फिरल्यावर. मग मीही त्यांची मोजायला लागलो. त्यांनी खिशात छोटी डायरी ठेवली, किती वाजता मला काय दिलं ते लिहून. मी त्यांना तोंडी सांगण्याऐवजी चिठ्ठ्या पाठवायला लागलो. कॅश मिटायला वीस मिनिटं लागायची तिथे सव्वा तास. तपासणी वाढली म्हणून चुका कमी व्हाव्यात ना? उलट वाढल्या. दोघेही दुसऱ्याची चूक पकडण्यासाठी मोजत होतो, बरोबर येण्यासाठी नाही. चोरून तपासायचं आणि समोर तपासायचं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मॅनेजर म्हणायचे, "अरे, एकमेकांवर विश्वास ठेवा, मोजामोजी सोडा." साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर तेव्हा उत्तर दिलं नव्हतं ते आता देतो. मोजामोजी सोडून विश्वास येत नसतो. पैशाच्या कामात तर मुळीच नाही. मोजून मोजून बरोबर आलं की येतो.

शेवटी डिसेंबरात मी ते केलं. संध्याकाळी पिग्मी एजंट जमले होते, जूनमधले चारही जण त्यात होते. काउंटरच्या बाहेर येऊन म्हणालो, "जूनमध्ये सत्तावीस हजारांवरून मी मामांना तुमच्यादेखत जे बोललो ते खोटं होतं. नोंद त्रेसष्टची पडली, ती स्लिप न बघता मी पास केली आणि टिकही मीच केली. मामांनी त्याच वेळी आकडा उलटा पडलाय म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." गैरसमज हा शब्द घेतला नाही, कारण गैरसमज दोघांचा असतो. हा माझा एकट्याचा होता. एक एजंट हसला. मामा नोटा मोजत होते, मान वर केली नाही. घाम फुटला होता मला, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी काही चमत्कार झाला नाही. पण मी कामाची पद्धत बदलायला घेतली, आणि सुरुवात स्वतःपासून केली. स्लिपच्या मागे नोटांचा तपशील भरल्याशिवाय भरणा घ्यायचा नाही. पन्नास हजारांवरची स्लिप मी उठून काउंटरवर जाऊन हातात घ्यायची आणि अक्षरातली रक्कम मोठ्याने वाचायची, मगच पास. संध्याकाळची टिक आधी माझ्याकडेच होती, ती मामांच्या हातात दिली. म्हटलं, "मी पास केलेलं तुम्ही तपासा, माझ्यासमोर." मोजलेल्या गड्डीच्या पट्टीवर मोजणाऱ्याची सही आणि तारीख. दुसऱ्याला पुन्हा मोजायची असेल तर खुशाल मोजा, पण टेबलावर, दोघांदेखत.

पहिल्या पंधरा दिवसांत माझ्या तीन चुका निघाल्या. एक तर किरकोळ खर्चातली, २०० रुपये कमी. ती मीच मामांना आधी सांगितली होती, मॅनेजरांना नंतर. तिसऱ्या चुकीला ते हसले. जूननंतर पहिल्यांदा.

विश्वास परत आला हे कसं ओळखायचं? गप्पा सुरू झाल्या यावरून नाही. समोरचा स्वतःची चूक तुमच्याकडे घेऊन येतो का, ते बघा. मार्चमध्ये एका संध्याकाळी मामांनी हाक मारली, "साहेब, इकडं या. पाचशे जास्त यायलेत." जास्तीचे पाचशे कोण बघतंय? खिशात घातले असते तर मला कळलं नसतं, आणि लपवून ठेवले असते तर पुढच्या तुटीला कामी आले असते. अनेक ठिकाणी असंच चालतं. ते आधी माझ्याकडे बोलले. आम्ही दोघांनी सही करून ते अनामत खात्याला टाकले. आठवड्याने एक बाई शोधत आल्या, त्यांना दिले. त्या दिवसानंतर खिशातली डायरी दिसली नाही.

आता थोडं राहिलेलं. समोरच्याचा हात खरंच गल्ल्यात असेल तर यातलं काही करू नका, वर लेखी कळवा. तो तुम्हाला जाणूनबुजून छळत असेल तरीही नाही, बदली मागा. मामा सरळ माणूस होते आणि चूक माझी होती, म्हणून हे जमलं. चूक समोरच्याची असेल आणि तो मान्यच करत नसेल तर काय करायचं, ते माझ्या अनुभवात नाही. तरी समोरासमोर तपासायचं आणि आधी आपलं तपासायला द्यायचं, एवढं तिथेही करून बघा. आणि तुमचं भांडण चारचौघांत झालं होतं की दोघांतच, हे तुम्ही लिहिलंच नाही. सगळं त्यावरच आहे. दोघांतच झालं असेल तर चारचौघांत नेऊ नका.

मैत्री झाली का? नाही. मामा माझ्या घरी कधी जेवायला आले नाहीत. पण मे महिन्यात त्यांच्या पोरीचं लग्न निघालं, चार दिवस रजा. मॅनेजर मामांना म्हणाले, "आता तुमचं दोघांचं जुळलंय, चावी यांच्याकडेच ठेवा की, दोन्ही." मामांनी माझ्याकडे बघितलं. "राग मानू नका साहेब, तुम्हाला नाही देणार."

"दिली असती तरी घेतली नसती," मी म्हणालो.

त्यांनी क्लार्क पोराला बोलावलं, रजिस्टरमध्ये चावीचा नंबर आणि वेळ लिहिली, त्या पोराची सही घेतली. साक्षीदाराच्या रकान्यात सही करायला पेन माझ्यापुढे धरला.