सीआरआर ४ टक्के म्हणजे गुणक २५, हे उत्तर का चुकतं

प्रश्न: «रोकड-ठेव गुणोत्तर ०.१५, सीआरआर ४%. आरबीआयने बँकांकडून १,००० कोटींचे रोखे विकत घेतले तर पैशाचा पुरवठा कितीने वाढेल? उत्तरतालिकेत २५,००० कोटी दिलंय. मग ते ०.१५ गेलं कुठे? हरकत घेऊ का?»

हरकत नक्की घ्या. जवळपास हाच प्रश्न आमच्या खात्यांतर्गत बढतीच्या परीक्षेत आला होता आणि तालिकेत हीच चूक होती. मी प्रत्येक प्रश्नामागे लागणारं शुल्क भरून हरकत घेतली, पानभर गणित मांडलं. परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाकडून एका ओळीचं उत्तर आलं: तज्ज्ञांनी तपासले आहे, बदल नाही. कोणत्या तज्ज्ञांनी, कशाच्या आधारे, काही नाही. त्या प्रश्नाच्या गुणांवर माझी त्या वर्षीची बढती अडली होती. अजूनही राग येतो, कारण चूक मान्य करायला त्यांना फक्त एक भागाकार करायचा होता.

आता गणित. सीआरआर म्हणजे ठेवींचा जो हिस्सा बँकेला आरबीआयकडे ठेवावाच लागतो तो; तालिकेने १ ला ०.०४ ने भागून गुणक २५ काढला आहे. १ भागिले सीआरआर हे सूत्र एकाच परिस्थितीत बरोबर ठरतं: कर्ज म्हणून बाहेर गेलेला प्रत्येक रुपया पुन्हा बँकेत ठेव म्हणून परत यायला हवा. आपल्याकडे तसं होत नाही. बँकेने १,००० कोटी कर्जाऊ दिले, पैसे पुरवठादार, मजूर, दुकानदार असे फिरले, की लोक १०० रुपये ठेवीमागे १५ रुपये नोटांत धरून ठेवतात. म्हणजे सुमारे १३० कोटी नोटा होऊन बँकिंग व्यवस्थेबाहेर गेले आणि ८७० कोटी ठेवी म्हणून परत आले. त्यावर सीआरआरचे साधारण ३५ कोटी बाजूला ठेवायचे. पुढच्या फेरीत कर्ज द्यायला ८३५ कोटी उरले. सीआरआरने ३५ अडवले, नोटांनी १३०. मोठी गळती कुठे आहे ते इथेच दिसतं, आणि तालिकेने नेमकी तीच सोडून दिली आहे.

सगळ्या फेऱ्या जोडल्या की सूत्र असं होतं:

m = (1 + c) / (c + r)

c ०.१५ आणि r ०.०४ घातलं की १.१५ भागिले ०.१९, म्हणजे ६.०५. उत्तर सुमारे ६,०५३ कोटी. ताळा करून बघा: ठेवी ५,२६३ कोटी, नोटा ७८९ कोटी. ५,२६३ वर ४ टक्के सीआरआर म्हणजे २११ कोटी. ७८९ अधिक २११ बरोबर १,०००, म्हणजे आरबीआयने ओतलेला मूळ पैसा पूर्णपणे जागेवर लागला. तालिकेच्या २५,००० कोटींत हा ताळा तेव्हाच बसतो, जेव्हा लोक एकही जादा नोट हातात ठेवत नाहीत. मग प्रश्नात ०.१५ देण्याला अर्थच उरत नाही. हरकतीत हा ताळा आधी लिहा, सूत्र नंतर. माझं सूत्र आधी होतं आणि बहुधा कोणी पुढे वाचलंच नाही.

प्रत्यक्षातला आकडाही हेच सांगतो. M3 म्हणजे लोकांकडच्या नोटा अधिक बँकांतल्या ठेवी, M0 म्हणजे आरबीआयने ओतलेला मूळ पैसा; आरबीआयच्या आकडेवारीत M3 भागिले M0 गेली काही वर्षं पाच ते सहाच्या आसपास राहिलं आहे, पंचवीसच्या जवळपासही नाही. सूत्रापेक्षा ते आणखी थोडं कमी येतं, कारण बँका शाखांच्या तिजोरीत नोटा आणि आरबीआयकडे थोडी जादा शिल्लकही ठेवतात. त्यासाठी छेदात आणखी १ टक्का धरला तर ५.७५ येतं.

याचा एक परिणाम वर्तमानपत्रांत नेहमी चुकीचा छापला जातो. जून २०२५ मध्ये आरबीआयने सीआरआर ४ वरून ३ टक्क्यांवर, सप्टेंबरपासून चार टप्प्यांत, आणण्याचं जाहीर केलं. जुन्या सूत्राने गुणक २५ वरून ३३ होतो, म्हणजे पुरवठ्यात एक तृतीयांश वाढ. नोटांची गळती धरली तर ६.०५ वरून ६.३९, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास. तीही बँकांनी मोकळा झालेला पैसा खरोखर कर्जाऊ दिला तर.

हे 'तर' महत्त्वाचं आहे, आणि रोखेखरेदीत ते सगळ्यात स्पष्ट दिसतं. मी ट्रेझरीच्या बॅक ऑफिसला असल्यामुळे हे रोज समोर असतं. खुल्या बाजारातील खरेदीचा लिलाव आरबीआयच्या ई-कुबेर प्रणालीवर होतो, दुसऱ्या दिवशी आमच्याकडचे रोखे जातात आणि आरबीआयमधल्या आमच्या खात्यात रक्कम जमा होते. M0 वाढला, पण त्या क्षणी कुणाच्याही ठेवीत एक रुपयाची भर पडलेली नसते. आमच्या मालमत्तेतला एक प्रकार जाऊन दुसरा आला, इतकंच. रोखे विकणारी विमा कंपनी किंवा म्युच्युअल फंड असेल तर मात्र तिच्या बँक खात्यात पैसे येतात, म्हणून M3 लगेच वाढतो. तुमच्या प्रश्नात «बँकांकडून» असं लिहिलं आहे, ते नीट वाचा.

बँकेला चांगला कर्जदार मिळाला नाही, किंवा भांडवल पुरेसं नसेल, तर ती रक्कम संध्याकाळी आरबीआयच्याच एसडीएफ खिडकीत जाते, जिथे बँका जादा पैसे एका रात्रीसाठी ठेवतात. रेपोपेक्षा पाव टक्का कमी, पण व्याज मिळतं. सीआरआरच्या शिल्लकीवर २००७ पासून काहीच मिळत नाही. आणि एसडीएफमधली रक्कम M0 मध्ये धरली जात नाही. म्हणजे सकाळी वाढलेला M0 रात्रीपर्यंत पुन्हा खाली येतो आणि गुणकाला गुणायला काहीच उरत नाही.

उलटंही घडतं. नोव्हेंबर २०१६ नंतर नोटा बँकांत परतल्या, c कोसळला आणि गुणक एकदम चढला. कर्जवाटप मात्र त्याच वेळी फार मंद होतं. गुणक चढला म्हणून कर्ज वाढलं असं समजू नका. तो मुळात दोन आकड्यांचा भागाकार आहे, बँकांच्या हेतूची खबर त्यात नसते.

एक जोडटीप: काही क्लासमध्ये छेदात एसएलआरही मिळवायला सांगतात. ते साफ चूक आहे. एसएलआरसाठी बँक सरकारी रोखे घेते, सरकार ते पैसे खर्च करतं आणि ते पुन्हा ठेवी म्हणून फिरून येतात. पैसा अडकत नाही, फक्त कर्जदार बदलून सरकार होतं.

हे माझं मत आहे, मी आरबीआयचा माणूस नाही, आणि तुमच्या परीक्षेच्या अभ्यासक्रमात साधं सूत्रच अपेक्षित आहे का ते बघून घ्या. पण मग प्रश्नात ०.१५ द्यायला नको होतं, हा मुद्दा तरीही टिकतो. हरकतीची पोच जपून ठेवा आणि एका ओळीचं उत्तर आलं तर माहिती अधिकारात तज्ज्ञांचा अभिप्राय मागा. मी तो अर्ज केला नाही, तेव्हा माहीतच नव्हतं. तुमच्याकडे अजून वेळ आहे.