मुलाखतीत आयटीसीची मुदत चुकीची सांगितली, तर दुसऱ्या दिवशीचा मेल कसा लिहायचा

> काल एका कंपनीत अकाउंट्स आणि जीएसटीच्या जागेसाठी मुलाखत झाली. ‘मागच्या वर्षाच्या बिलावरचं राहिलेलं आयटीसी कधीपर्यंत घेता येतं?’ असं मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलं. मी ठामपणे ‘सप्टेंबरच्या रिटर्नच्या ड्यू डेटपर्यंत’ म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. घरी येऊन पाहिलं तर ३० नोव्हेंबर आहे. आता मेल करून सांगावं का? की त्यामुळे चूक उगाच जास्त उठून दिसेल?

मेल करा. उद्यावर ढकलू नका, आजच करा. अकाउंट्समध्ये सगळ्याच चुका दुरुस्त करत बसायची गरज नसते, पण ही चूक कामाच्या गाभ्यातली आहे. समजा फेब्रुवारी २०२६ चं तीन लाखांचं बिल नोंदवायचं राहिलं. १८ टक्क्यांनी त्यावरचं आयटीसी, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, ५४,००० रुपये होतं. ते बिल नोव्हेंबर २०२६ च्या पहिल्या आठवड्यात सापडलं, तर तुमच्या कालच्या उत्तराप्रमाणे ते क्रेडिट बुडालं. प्रत्यक्षात ते अजून घेता येतं. समोरच्या बाईंनी हा प्रश्न बहुधा एवढ्यासाठीच विचारला असणार की कायद्यातला बदल तुमच्यापर्यंत पोहोचलाय का. त्या गप्प राहिल्या याचा अर्थ त्यांच्या लक्षात आलं नाही असा घेऊ नका. मुलाखत घेणारे बरेच जण चुकीचं उत्तर ऐकून घेतात, कागदावर खूण करतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

मेल लिहायला बसण्याआधी अर्धा तास दुरुस्तीची खातरजमा करण्यात घालवा. अशा मेलचं खरं नुकसान इथंच होतं, कारण घाईत पाठवलेल्या दुरुस्तीतच नवी चूक शिरते. तुम्ही ‘३० नोव्हेंबर आहे’ एवढंच लिहिलंय आणि त्यात दोन खाचखळगे आहेत.

पहिला म्हणजे तारखेचा दुसरा भाग. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६(४) प्रमाणे बिल ज्या आर्थिक वर्षाचं आहे ते वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर, किंवा त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरल्याची तारीख, यातलं जे आधी येईल ती मुदत. कंपनीने वार्षिक रिटर्न १० नोव्हेंबरलाच भरून टाकलं, तर दार १० नोव्हेंबरलाच बंद होतं. ‘जे आधी’ हे शब्द मेलमध्ये आले नाहीत, तर दुरुस्ती अर्धवट राहते आणि जाणकार माणसाला ते पहिल्या वाचनातच कळतं.

दुसरा जास्त घातक आहे. ‘३० नोव्हेंबरपर्यंत’ वाचून अनेकांना वाटतं की नोव्हेंबर महिन्याच्या ३बी रिटर्नमध्ये, म्हणजे २० डिसेंबरपर्यंत, क्रेडिट घेता येईल. तसं नाही. ज्या रिटर्नमध्ये क्रेडिट घ्यायचं ते रिटर्नच ३० नोव्हेंबरपर्यंत भरलेलं असावं लागतं. म्हणून दरमहा रिटर्न भरणाऱ्या कंपनीसाठी शेवटची संधी ऑक्टोबरचं ३बी. त्याची नेहमीची तारीख २० नोव्हेंबर. उशीर झाला तर लेट फी भरून ३० तारखेपर्यंत. कालच्या उत्तरातली चूक कंपनीचे पैसे सोडून देणारी होती. ही चूक त्याच्या उलट दिशेची आहे, मुदत संपल्यावर क्रेडिट घेणारी, आणि तिच्यामुळे ते व्याजासकट परत भरायची वेळ येते. दुरुस्तीच्या मेलमध्ये ही चूक गेली, तर मेल न पाठवणं बरं होतं असं होईल.

आता बदल कधी झाला ते पाहा, कारण तुमच्या मेलचा सगळा कणा त्यावर आहे. २०२२ च्या वित्त कायद्याने ‘सप्टेंबरच्या रिटर्नची देय तारीख’ काढून तिथे ‘३० नोव्हेंबर’ घातलं. अधिसूचना १८/२०२२-केंद्रीय कर, दिनांक २८ सप्टेंबर २०२२ ने ते १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झालं. म्हणजे तुम्ही काल मनाने काही रचून सांगितलं नाही. तुम्ही जुनी तरतूद सांगितलीत. हे एक वाक्य मेलमध्ये आलं की चूक कुठून आली ते समोरच्याला समजतं आणि तुम्हाला एकही सबब द्यावी लागत नाही. ‘गडबडीत बोलून गेलो’, ‘जरा टेन्शन होतं’ यातलं काही लिहू नका. तशा वाक्यांनी वाचणाऱ्याचं लक्ष कायद्यावरून तुमच्या घाबरण्याकडे जातं.

मजकूर साधारण असा असू द्या. कंपनीचा पत्रव्यवहार इंग्रजीत असेल तर इंग्रजीत लिहा, पण क्रम हाच ठेवा:

> विषय: कालची मुलाखत – आयटीसीच्या मुदतीबद्दल दुरुस्ती
>
> नमस्कार मॅडम,
>
> काल वेळ दिल्याबद्दल आभार. आयटीसीच्या मुदतीच्या प्रश्नाला मी सप्टेंबरच्या रिटर्नची देय तारीख सांगितली. ती १ ऑक्टोबर २०२२ पूर्वीची तरतूद आहे. आता कलम १६(४) प्रमाणे वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक रिटर्न भरल्याची तारीख, यातलं जे आधी येईल ते लागू होतं.
>
> म्हणजे २०२५-२६ च्या बिलाचं राहिलेलं क्रेडिट दरमहा रिटर्न भरणाऱ्या कंपनीला जास्तीत जास्त ऑक्टोबर २०२६ च्या ३बीमध्ये घेता येईल, आणि ते रिटर्न ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत भरलेलं असावं लागेल.
>
> पुरवठादारांच्या बिलांचा दरमहा मेळ घालण्याच्या कामाबद्दल आपण जे सांगितलंत, ते काम करायला मला आवडेल.
>
> आपला/आपली,
> (नाव, मोबाइल)

शेवटचं वाक्य तुमच्या मुलाखतीत खरोखर ज्या कामाबद्दल बोलणं झालं त्यावरचं ठेवा. तसं काही बोलणं झालं नसेल तर ते वाक्य गाळा, ओढूनताणून घालू नका.

या मजकुरात माफी नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते मुद्दाम आहे. ‘मी हे सांगितलं, बरोबर हे आहे’ यात कबुली आलीच. त्यावर ‘क्षमस्व’ दोनदा लिहिलं की समोरच्याला तुमची समजूत काढायचं काम लागतं, आणि मेल दुरुस्तीचा न राहता विनवणीचा होतो. ‘कृपया या चुकीमुळे माझा विचार रद्द करू नये’ हे वाक्य तर अजिबात नको. ज्या माणसाने तसा विचारही केला नव्हता, त्याच्या मनात तुम्हीच तो घालून देता. विषयात ‘दुरुस्ती’ हा शब्द मात्र उघडपणे येऊ द्या. नुसतं ‘आभार’ लिहिलं तर मेल न उघडताच राहून जाऊ शकतो.

मेलच्या दुसऱ्या परिच्छेदातलं उदाहरण कापायचा मोह होईल, पण ते ठेवाच. तारीख कुणीही शोधून लिहू शकतो. ती रिटर्नच्या महिन्यात कशी उतरते हे लिहिल्यावरच तुम्ही हे काम केलंय किंवा करू शकता हे दिसतं. त्यापलीकडे काही जोडू नका. अधिसूचनेची पीडीएफ नको, कलमाचा उतारा नको. अधिसूचनेचा क्रमांक स्वतःजवळ असू द्या, कुणी विचारलाच तर सांगता येईल.

मेल कुणाला? मॅडमचा पत्ता मुलाखतीच्या निमंत्रणात असेल तर त्याच मेलला उत्तर द्या, म्हणजे संदर्भ आपोआप सोबत जातो. पत्ता नसेल आणि सगळं एचआरमार्फत चाललं असेल, तर एचआरला दोन ओळी लिहा, ‘खालील मजकूर काल मुलाखत घेणाऱ्या मॅडमपर्यंत पोहोचवाल का’, आणि खाली हाच मजकूर द्या. त्यांचा खाजगी नंबर शोधून व्हॉट्सअ‍ॅप करू नका. कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर आधी त्यांना फोन करा. काही कन्सल्टन्सींना उमेदवाराने कंपनीला थेट लिहिलेलं चालत नाही.

वेळेचं म्हणाल तर दुसऱ्या कामाच्या दिवशी सकाळी दहा-अकराच्या सुमारास. मुलाखत शनिवारी झाली असेल तर सोमवारी. रात्री अकराला पाठवलेल्या मेलमधून बेचैनी दिसते. चार दिवसांनी पाठवला तर तोवर निर्णय झालेलाही असू शकतो. एक अपवाद: मेल पाठवायचा दिवस २० तारखेला, म्हणजे महिन्याच्या रिटर्नच्या दिवशी येत असेल, तर अकाउंट्सवाल्यांना त्या दिवशी मेल बघायला फुरसत नसते, तेव्हा एक दिवस पुढे गेलात तरी चालेल.

आणखी दोन-तीन चुका आठवल्या असतील तर त्या सगळ्या घालू नका. ज्या चुकीमुळे कामात पैसे किंवा मुदत हुकली असती, ती एकच घ्या. बोलताना जीभ घसरून ‘३बी’ऐवजी ‘२बी’ आलं असेल तर सोडून द्या. एखादं उत्तर बरोबर होतं पण अजून छान देता आलं असतं, यासाठी तर मेल करूच नका. त्यांनी तिथल्या तिथे तुम्हाला दुरुस्त केलं असेल आणि तुम्ही मान्य केलं असेल, तरी तो विषय संपला.

उत्तर आलं नाही तर त्यातून काही निष्कर्ष काढू नका. ‘माझी दुरुस्ती मिळाली का’ असं विचारणारा दुसरा मेल नको. पण फोन आला किंवा दुसरी फेरी झाली, तर यावरच पुढचा प्रश्न येण्याची शक्यता आहे, आणि तो बहुधा तिमाही रिटर्नचा असेल: क्यूआरएमपीमधल्या, म्हणजे तिमाही रिटर्नच्या योजनेतल्या व्यापाऱ्याला ऑक्टोबरचं ३बी नसतंच, मग त्याचं काय? ऑक्टोबर ते डिसेंबर तिमाहीचं रिटर्न जानेवारीत भरलं जातं, तोवर ३० नोव्हेंबर उलटून गेलेला असतो. म्हणून त्याच्यासाठी शेवटचं रिटर्न जुलै ते सप्टेंबर तिमाहीचंच. महाराष्ट्रात आणि गोव्यात त्याची नेहमीची तारीख २२ ऑक्टोबर असते. उशिरा भरलं तरी ३० नोव्हेंबरच्या आत भरलं तर क्रेडिट मिळतं. हे तोंडपाठ ठेवा, पण मेलमध्ये घालू नका. तिथे ते मूळ दुरुस्तीला झाकून टाकेल.

सरकारी भरतीत यातलं काही करू नका. तिथे गुण मंडळासमोरच ठरतात, आणि नंतर सदस्यांशी संपर्क साधणं हा दबाव आणण्याचा प्रयत्न समजला जाऊन उमेदवार अपात्र ठरू शकतो.

चूक कायद्याची नसून स्वतःच्या माहितीची असेल, तर मेल ऐच्छिक राहत नाही. नोटीस पीरियड ३० दिवस सांगितला आणि नेमणूकपत्रात ६० आहेत, किंवा आधीची नोकरी मार्चमध्ये सुटली असताना जून म्हटलं, अशा गोष्टी पडताळणीत रिलीव्हिंग लेटर आणि पीएफच्या नोंदींवरून दिसतात. तेव्हा त्या चुकीपेक्षा ‘माहिती लपवली’ असा अर्थ निघतो. हा मेल एचआरला जातो, आणि त्यात उदाहरण, आभार, पुढचं काम यातलं काही लागत नाही: ‘काल मी नोटीस पीरियड ३० दिवस सांगितला, नेमणूकपत्राप्रमाणे तो ६० दिवस आहे. कृपया नोंद दुरुस्त करावी.’ नेमणूकपत्राच्या त्या पानाची प्रत मात्र इथे जोडा.