भाड्याने दिलेल्या फ्लॅटचा तोटा पगारातून पूर्ण का वजा होत नाही? उरलेल्या रकमेचं काय होतं?

प्रश्न: मी ठाण्यात भाड्याने राहतो. वाकडला माझ्या एकट्याच्या नावावर फ्लॅट आहे, तो महिना २०,००० रुपये भाड्याने दिला आहे. गृहकर्जाचं वर्षाचं व्याज ५,४०,००० झालं. कंपनीने फॉर्म १६ मध्ये घराचा तोटा फक्त २,००,००० धरला आहे. बाकीचं व्याज वाया गेलं का? पुढच्या वर्षी पगारातून वजा करता येईल का?

उत्तर:

कंपनीचं बरोबर आहे. उरलेला तोटा आज वाया गेलेला नाही, पण तो पुढच्या वर्षी पगारातून वजा होणार नाही. तो फक्त घराच्या उत्पन्नातून वजा होतो, तेही आठ वर्षांच्या आत. आणि हे सगळं तुम्ही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. फॉर्म १६ मध्ये २ लाख दिसतात म्हणजे कंपनीने जुनी धरली आहे.

आधी तोटा नेमका किती, ते काढू, कारण ५,४०,००० हा तुमचा तोटा नाही. वर्षाचं भाडं २,४०,००० झालं. महापालिकेचा मिळकत कर तुम्ही स्वतः त्याच वर्षात भरला असेल तर तो यातून जातो. तो १४,००० आहे असं धरतो, म्हणजे राहिले २,२६,०००. यावर कायदा सरसकट ३० टक्के वजावट देतो, दुरुस्तीचा खर्च झालेला असो वा नसो. ती ६७,८००. सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा वजा होत नाही, तो या तीस टक्क्यांतच आला असं समजायचं. आता राहिले १,५८,२००. यातून ५,४०,००० व्याज वजा केलं की तोटा येतो ३,८१,८००.

भाड्याने दिलेल्या घराच्या व्याजाला मर्यादा नाही, पूर्ण ५,४०,००० धरता येतात. मर्यादा आहे ती तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करण्यावर. आयकर कायद्याच्या कलम ७१ मध्ये २०१७ च्या वित्त कायद्याने पोटकलम (३ए) घातलं आणि घराचा तोटा पगार, ठेवींचं व्याज वगैरे इतर उत्पन्नातून वर्षाला २ लाखांपर्यंतच वजा होऊ लागला. ही मर्यादा माणशी आहे, घरागणिक नाही. दोन फ्लॅट असले तरी २ लाखच. म्हणून तुमच्या पगारातून २,००,००० गेले आणि १,८१,८०० उरले.

इथे पुष्कळांची गल्लत होते, कारण स्वतः राहत असलेल्या घरालाही २ लाखांचाच आकडा आहे. पण तिथे मर्यादा व्याजावर आहे. स्वतःच्या राहत्या घराचं व्याज ५,४०,००० असेल तर धरायचे फक्त २ लाख, वरचे ३,४०,००० तोट्यात येतच नाहीत आणि पुढेही नेता येत नाहीत. तुमचा एखादा सहकारी "माझं उरलेलं व्याज तर गेलंच" म्हणत असेल तर तो बहुधा राहत्या घराबद्दल बोलतोय. तुमचं तसं नाही.

आता या १,८१,८०० चं पुढे काय? कलम ७१बी प्रमाणे ते पुढच्या आठ करनिर्धारण वर्षांपर्यंत नेता येतात. आपण आर्थिक वर्ष २०२५-२६ बद्दल बोलतोय असं धरलं, तर २०३३-३४ या वर्षाच्या उत्पन्नापर्यंत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला तरी २ लाख आणि आठ वर्षं हे दोन्ही आकडे त्यातही तेच आहेत. पुढे नेलेला हा तोटा त्या त्या वर्षी फक्त 'घरापासूनचं उत्पन्न' या शीर्षाखाली नफा आला तरच वापरता येतो. घर तेच असलं पाहिजे असं नाही, दुसऱ्या फ्लॅटच्या भाड्याचा नफाही चालेल. पण फ्लॅट विकून झालेल्या भांडवली नफ्यातून तो वजा होत नाही.

पुढचं वर्ष करून बघू. भाडं २२,००० झालं, म्हणजे वर्षाचे २,६४,०००. मिळकत कर तेवढाच, राहिले २,५०,०००. तीस टक्के ७५,००० गेले की १,७५,०००. व्याज थोडं उतरून ५,२८,००० झालं. तोटा ३,५३,०००. पगारातून पुन्हा २ लाख जातील, पण ते या नव्या तोट्यातले. मागचे १,८१,८०० जागचे हलणार नाहीत, उलट त्यांच्या शेजारी १,५३,००० येऊन बसतील. एकूण ३,३४,८००, आणि दोन्ही रकमांची आठ वर्षं वेगवेगळी मोजायची.

मग हा साठा कधी कामाला येईल, हे ओळखायची सोपी खूण सांगतो. मिळकत कर वजा जाता राहिलेल्या भाड्याचे ७० टक्के काढा. वर्षाचं व्याज त्याच्या खाली आलं की घराचं उत्पन्न नफ्यात गेलं आणि तिथून मागचा तोटा वापरायला सुरुवात होते. तुमचं व्याज पाहता साधारण ६४ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के दर, वीस वर्षं असा हिशेब असावा. तसं असेल तर नवव्या वर्षीही व्याज चार लाखांच्या वरच राहतं. भाडं दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढलं तरी तोवर त्याचे ७० टक्के अडीच लाखांच्या आतच असतील. म्हणजे नुसते हप्ते भरत राहिलात तर पहिल्या वर्षाचे १,८१,८०० न वापरताच मुदतीबाहेर जातील. पुढे नेलेला तोटा म्हणजे हमखास मिळणारे पैसे, असं अनेकांना सांगितलं जातं आणि मला ते फार चुकीचं वाटतं. येत्या पाच-सहा वर्षांत कर्जाचा मोठा भाग फेडायचा विचार असेल किंवा कर्ज नसलेलं दुसरं घर भाड्याने जाणार असेल, तरच या रकमेवर विसंबा. पण केवळ हा तोटा वापरता यावा म्हणून मुदतीआधी कर्ज फेडू नका. ते ठरवायचं व्याजदर आणि हातातली शिल्लक बघून.

जुनी करप्रणाली हा भाग मात्र नीट तपासा. नव्या प्रणालीत घराचा तोटा पगारातून एक रुपयाही वजा होत नाही, आणि आता नवी प्रणाली आपोआप लागू होते. त्यामुळे २ लाखांच्या मोहात जुनी निवडून तुम्ही एकूण कर जास्त तर भरत नाही ना, ते बघायला हवं. २०२५-२६ साठी १६ लाख पगार धरतो. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट ५०,०००, ८०सी चे दीड लाख (तुमच्या हप्त्यातली मुद्दलच त्यातला मोठा भाग भरेल) आणि घराचे २ लाख वजा करून १२ लाख उरतात, कर उपकरासह १,७९,४००. नव्या प्रणालीत ७५,००० वजा करून १५,२५,००० उरतात आणि कर १,१३,१००. घराचा तोटा अजिबात न धरता नवी ६६,३०० रुपयांनी स्वस्त.

तुमच्या बाबतीत पारडं फिरवू शकतो तो घरभाडे भत्ता, कारण तुम्ही ठाण्यात भाडं भरता. फ्लॅट वाकडला, नोकरी आणि राहणं इकडे, अशा वेळी घराचा तोटा आणि घरभाड्याची सूट दोन्ही घेता येतात. वरच्या उदाहरणात मूळ पगार ८ लाख आणि तुम्ही भरत असलेलं भाडं महिना २५,००० असेल, तर ३ लाखांतून मूळ पगाराचे १० टक्के म्हणजे ८०,००० वजा जाऊन २,२०,००० ची सूट बसते (मिळणारा भत्ता आणि मूळ पगाराचे ४० टक्के हे दोन्ही याहून जास्त आहेत असं धरून). तेव्हा कुठे जुन्या प्रणालीचा कर १,१२,८४० होतो आणि दोन्ही बरोबरीला येतात. त्यापुढे आरोग्यविम्याचा हप्ता, एनपीएस वगैरे असेल तर जुनी फायद्याची. तुमचे आकडे घालून हे दोन्ही हिशेब एकदा शेजारी शेजारी मांडाच.

जुनी ठरली तर दोन गोष्टींत चूक परवडणार नाही. पहिली तारीख. खरं तर घराचा तोटा पुढे न्यायला विवरणपत्र वेळेतच भरलं पाहिजे अशी अट नाही, ती अट धंद्याच्या आणि भांडवली तोट्याला आहे. पण पगारदाराला जुनी प्रणाली निवडायची तर विवरणपत्र मुदतीच्या आतच भरावं लागतं. मुदत चुकली की नवी प्रणाली लागते आणि पगारातून वजा होणारे २ लाखही जातात, फॉर्म १६ मध्ये ते दिसत असले तरी. कंपनीने त्या हिशेबाने कमी कापलेला कर मग तुम्हाला भरावा लागतो.

दुसरी फॉर्मची निवड. एका घराचा पगारदार म्हणून सवयीने ITR-1 उघडला जातो, पण पुढे न्यायचा तोटा असेल तर तो फॉर्म चालत नाही. ITR-2 भरा. त्यात Schedule HP मध्ये भाडं, मिळकत कर आणि कर्जाचा तपशील जातो, म्हणून बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र, कर्ज खाते क्रमांक आणि शिल्लक रक्कम हाताशी ठेवा. मग Schedule CYLA मध्ये पगारासमोर २,००,००० वजा झालेले दिसतील आणि Schedule CFL मध्ये पुढे नेलेले १,८१,८००. सबमिट करण्याआधी हा शेवटचा आकडा स्वतः बघा. पुढच्या वर्षी याच तक्त्यात मागचा आकडा आपोआप आला असेल तरी जुन्या विवरणपत्राशी पडताळा. आला नसेल तर हाताने भरा.

आणखी एक, तुम्ही "एकट्याच्या नावावर" लिहिलंत म्हणून. हाच फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर निम्मा-निम्मा असता, दोघे सहकर्जदार असते आणि हप्ते खरोखर दोघांच्या पगारातून जात असते, तर तोटा प्रत्येकी १,९०,९०० झाला असता. दोघांची मर्यादा वेगवेगळी, त्यामुळे जुन्या प्रणालीत तो त्याच वर्षी पूर्ण वजा झाला असता आणि पुढे न्यायला काही उरलंच नसतं. आता मात्र हे कागदावर करायला जाऊ नका. जोडीदाराला मोबदला न घेता हिस्सा दिला तर कर आकारणीसाठी त्या हिश्श्याचे मालक तुम्हीच धरले जाता. पुढचं घर घेताना, करारनामा नोंदवण्याआधी, याचा विचार करा.