वॉलपेपरचे रोल किती लागतील: चौरस फुटांवरून काढावेत की पट्ट्यांवरून?

प्रश्न: बेडरूमच्या एकाच भिंतीला वॉलपेपर लावायचा आहे. भिंत 12 फूट रुंद आणि 10 फूट 3 इंच उंच आहे. रोल 53 सेंमी रुंद, 10.05 मीटर लांब, डिझाइनचा रिपीट 64 सेंमी. दुकानदार म्हणतात, एका रोलमध्ये 57 चौरस फूट बसतात, भिंत 123 चौरस फूट आहे, तीन रोल पुरतील. हे बरोबर आहे का?

उत्तर:

तुम्ही सांगितलेली उंची पूर्णपणे कागदाखाली जाणार असेल, तर तीन रोल पुरणार नाहीत, चार घ्यावे लागतील. मात्र ती उंची जमिनीपासून मोजलेली असेल आणि भिंतीला स्कर्टिंग असेल, तर तीन रोलही पुरू शकतात. चौरस फुटांच्या भागाकारात हा फरक दिसतच नाही, कारण वॉलपेपर भिंतीवर चौरस फुटांनी चढत नाही, तर छतापासून खालपर्यंतच्या अखंड पट्ट्यांनी चढतो. म्हणून मी रोल नेहमी पट्ट्या मोजूनच काढतो.

प्रथम रुंदी पाहू. 12 फूट म्हणजे 366 सेंमी. त्याला 53 ने भागले की 6.9 येतात, म्हणजे सात पट्ट्या लागतील. शेवटची पट्टी कडेला थोडी कापावी लागली, तरी ती पूर्णच धरायची.

आता एका रोलमधून किती पट्ट्या निघतात ते पाहू. 10 फूट 3 इंच म्हणजे सुमारे 312 सेंमी. छत आणि जमीन क्वचितच एका पातळीत असतात, म्हणून वर-खाली मिळून 10 सेंमी जादा कागद ठेवून तो लावल्यावर कापतात. म्हणजे पट्टी 322 सेंमीची झाली. कागद साधा असता, तर 1005 सेंमीच्या रोलमधून अशा तीन पट्ट्या सहज निघाल्या असत्या. पण तुमच्या कागदावर दर 64 सेंमीला तेच फूल पुन्हा येते आणि शेजारच्या पट्टीवर ते त्याच उंचीवर यायला हवे. त्यामुळे प्रत्येक पट्टीची सुरुवात डिझाइनमधल्या त्याच जागेपासून करावी लागते, आणि दोन सुरुवातींमधले अंतर 64 च्याच पटीत राहते. पाच रिपीट म्हणजे 320 सेंमी, आणि आपल्याला हवेत 322. केवळ दोन सेंमींसाठी सहावा रिपीट घ्यावा लागतो आणि अंतर 384 सेंमी होते. दुसरी पट्टी कापून होईपर्यंत रोलमधले 706 सेंमी संपतात. उरलेला तुकडा 299 सेंमीचा असतो, त्यातून तिसरी पट्टी निघत नाही. अशा रीतीने तीन रोलमधून सहा पट्ट्या मिळतात, आणि भिंतीच्या कडेला सुमारे 48 सेंमी रुंदीची जागा मोकळी राहते. उरलेल्या तुकड्यांचे क्षेत्रफळ त्या जागेपेक्षा कितीतरी जास्त असते, पण आडवा जोड दिल्याखेरीज ते तिथे बसत नाहीत, आणि बेडरूमच्या मुख्य भिंतीवर आडवा जोड चांगला दिसत नाही.

आता स्कर्टिंगचे पाहू. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये भिंतीच्या पायथ्याशी बहुधा टाइलची तीन-चार इंचांची स्कर्टिंग असते आणि कागद तिच्या वरच्या कडेशीच थांबतो. तुमची स्कर्टिंग 10 सेंमी असेल आणि टेप जमिनीला लावला असेल, तर कागदाची खरी उंची 302, जादा धरून 312 सेंमी होते. ती पाच रिपीटमध्ये, म्हणजे 320 मध्ये बसते, प्रत्येक रोलमधून तीन पट्ट्या निघतात आणि तीन रोलमधून नऊ. सात लावून दोन हाताशी राहतात. म्हणून टेप स्कर्टिंगच्या वरच्या कडेवर ठेवून डावीकडे, मधे आणि उजवीकडे उंची मोजा, आणि सर्वांत मोठे माप धरा. ते 310 सेंमीपर्यंत असेल तर तीन रोल घ्या. 311 किंवा 312 आले, तर जादा कागद कमी धरून ओढूनताणून तीनमध्ये बसवता येते, पण स्लॅब एका कोपऱ्यात थोडा जरी वर असला, तरी तिथे उघडी फट दिसेल. मी तसे करणार नाही.

खरेदीपूर्वी लेबलवर 64 च्या खाली 32 लिहिले आहे का, तेही पाहा. तसे असल्यास शेजारची पट्टी अर्ध्या रिपीटने सरकवून लावायची असते आणि हिशोब थोडा बदलतो. 322 सेंमीच्या पट्टीला मात्र तेव्हाही रोलमागे दोनच पट्ट्या मिळतात.

चौथा रोल लागणार असेल, तर तो आताच घ्या आणि चारही लेबलांवरचा बॅच नंबर एकच असल्याची खात्री करा. नंतर आणलेला रोल दुसऱ्या बॅचचा असला, तर रंगातला किंचित फरक रोल हातात असताना जाणवत नाही, पण दोन पट्ट्या शेजारी लागल्या की दिव्याच्या उजेडात सरळ रेषेत दिसतो.