गच्चीवरची जास्वंद आणि नर्सरीचा हिशेब

पत्र : नमस्कार सर. आम्ही लातूरला राहतो. माझी मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला झाडांचा भारी नाद. गच्चीवर तीनशेच्या आसपास झाडं आहेत, बहुतेक जास्वंद, मोगरा, तुळस. गेल्या पावसाळ्यात तिनं ऐंशी रुपयाला एक अशी रोपं विकून पंधरा हजार रुपये केले. तिच्या हिशेबानं एका रोपाला पंचवीस रुपये खर्च येतो. आता म्हणते, स्पर्धा परीक्षा देत नाही, रिंग रोडकडं दहा गुंठे जागा भाड्यानं घेऊन नर्सरी टाकते, दोन लाख द्या. पैसे कसेही उभे करता येतील, पण हा छंद धंदा होईल का, हे कसं ओळखायचं?

उत्तर : नमस्कार.

पंधरा हजार आले ही चांगली गोष्ट आहे. पण ते कुणी दिले, हे आधी मुलीला विचारा. मावशी, शेजारी, तुमच्या ऑफिसातले लोक आणि तिच्या मैत्रिणींच्या आया वगळून किती जण उरतात? त्यातले किती जण दुसऱ्यांदा आले? ओळखीतलं गिऱ्हाईक एक पावसाळा साथ देतं, पुढच्या वर्षी त्याच्या अंगणात जागाच नसते. ती यादी तिनं वहीत लिहून काढावी.

आता पंचवीस रुपयांकडं येऊ. एका जास्वंदीचा हिशेब मी मांडतो. भाव अंदाजे धरले आहेत, तुमच्या भागातले घालून पुन्हा करा.

रोपं विकली जातात ती पाऊस पडल्यावर, जून ते सप्टेंबरमध्ये. जूनअखेर विकण्याजोगं रोप हवं तर छाटकलम फेब्रुवारीत लावावं लागतं. म्हणजे रोप वाढवायचे दिवस नेमके लातूरच्या उन्हाळ्यात येतात. शंभर काड्या लावल्या तर जपून केलं तरी पासष्टच्या आसपास मुळं धरतात. काडीमागं छोटी पिशवी आणि कोकोपीटचे तीन रुपये, असे तीनशे झाले. धरलेली पासष्ट मोठ्या पिशवीत हलवायची. पिशवी, माती, शेणखत आणि निंबोळी पेंड मिळून एकाला सतरा रुपये धरले तर आणखी अकराशे पाच. एप्रिल-मेमध्ये काही करपतात, काहींना पिठ्या ढेकूण लागतो आणि ती विकता येत नाहीत. विकण्यासारखी पन्नास उरली तर बरी म्हणायची.

पाणी धरा. मार्च ते मे या नव्वद दिवसांत पिशवीला रोज अर्धा लिटर लागतं. काही मधेच जातात म्हणून सरासरी साठ पिशव्या धरल्या, तर सत्तावीसशे लिटर, म्हणजे पाच हजार लिटरच्या टँकरपैकी अर्ध्याहून जास्त. टँकर साडेसातशेला धरला तर चारशे रुपये झाले. मग मुलीचा वेळ. गच्चीला रोज दीड तास जात असेल, तर या साठांच्या वाट्याला पाच महिन्यांत पंचेचाळीस तास येतात. तासाला पन्नास रुपये, म्हणजे शेतमजुराइतकीच मजुरी धरली तरी बावीसशे पन्नास.

सगळं मिळून चार हजार पंचावन्न. भागिले पन्नास रोपं, म्हणजे एका रोपाला एक्क्याऐंशी रुपये. ती विकते ऐंशीला.

पंचवीस रुपयांत तिनं पिशवी आणि माती बहुतेक बरोबर धरली आहे. मेलेली रोपं, पाणी आणि स्वतःचा वेळ तेवढा राहून गेला. छंद असताना ते मोजायचं कारणही नसतं.

तुम्ही म्हणाल, नर्सरी मोठी केली की खर्च उतरेल. मजुरी उतरेल, हे खरं. ठिबक टाकलं तर तीन हजार पिशव्यांना दहापट माणसं लागत नाहीत. पाणी मात्र उतरत नाही. तीन हजार पिशव्यांना उन्हाळ्यात रोज दीड हजार लिटर लागणार, शेडनेटनं थोडं वाचेल एवढंच. एप्रिल २०१६ मध्ये ज्या गावात मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथं हा आकडा डोळ्याआड करता येत नाही. शिवाय शोभेची रोपं उरुळी कांचनहून आणि आंध्रातल्या कडियमहून ट्रक भरून येतात. तिथं पाणी आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हात बसलेला आहे. आपल्याकडच्या बऱ्याच नर्सऱ्या तिथून माल आणून विकतात. तो व्यापार आहे, त्यात कमाईही आहे. पण त्यात झाडं वाढवण्यापेक्षा गाडीभाडं, उधारी आणि वाटेत मोडलेला माल सांभाळणंच जास्त असतं. मुलीला ते काम आवडेल का, हे तिलाच विचारा. माझा अंदाज, नाही आवडणार.

तिच्याकडं विकण्यासारखी दुसरी गोष्ट आहे : उन्हाळ्यात झाड जगवायची अक्कल. लातुरात क्लास, वसतिगृहं, दवाखाने खच्चून आहेत. दारात आणि वेटिंग रूममध्ये कुंड्या असतात आणि मेपर्यंत त्यांचा खराटा होतो. अशा ठिकाणी महिन्याच्या ठरलेल्या पैशांवर निगा राखायची.

समजा, एका दवाखान्यात वीस कुंड्या आहेत आणि महिन्याला पंधराशे ठरले. आठवड्याला दोन फेऱ्या, जाण्यायेण्यासकट महिन्याला नऊ तास. खत-औषध आणि बदली रोपं तीनशे, पेट्रोल दोनशे. हातात हजार, म्हणजे तासाला एकशे दहा. गच्चीवरच्या मजुरीच्या दुप्पट. आणि पाणी दवाखान्याच्या नळाचं. गच्चीवरची रोपं इथं बदलीला कामी येतात : एसीच्या खोलीत मरगळलेली कुंडी गच्चीवर आणायची, तिच्या जागी ताजी ठेवायची.

यातही खाचखळगे आहेत. दोन फेऱ्यांच्या मध्ये पाणी कोण घालणार, हे लिहून घ्या. नाहीतर वॉर्डबॉय रोज बादली ओततो, मुळं कुजतात आणि मेल्याचा दोष मुलीवर येतो. पहिल्या दिवशी प्रत्येक कुंडीला खाली भोक आहे का पाहावं आणि फोटो काढून ठेवावेत. मेलेलं झाड कुणाच्या खर्चानं बदलायचं, तेही आधीच ठरवावं. पैसे महिन्याच्या सुरुवातीला घ्यावेत. माळी याच कामाचे पाचशे-सहाशे घेतो, असं ऐकावं लागेल. तेवढ्यासाठी भाव पाडू नये. ज्याच्या कुंड्या माळी असूनही दरवर्षी वाळतात, त्याच्याकडं आधी जावं.

पारख अशी करा. यंदा फेब्रुवारीपासून जूनअखेरपर्यंत तिला ही कामं मिळवू द्या. कॉलेज सांभाळून आठवड्यात पाच-सहा जागा होतात. जूनअखेर अनोळखी सहा जण सलग तीन महिने पैसे देत असतील आणि उन्हाळ्यात त्यांची बहुतेक झाडं जगली असतील, तर हा धंदा आहे. तीनच असतील, तर छंदातून निघणारा खर्च समजा आणि परीक्षेचा अर्ज भरू द्या. वरची मर्यादाही आताच सांगतो : एकटीनं वीस जागा म्हणजे महिन्याला एकशे ऐंशी तास आणि वीसएक हजार रुपये. त्यापुढं माणूस ठेवावा लागतो आणि काम शिकवणं, हजेरी, त्याच्या चुका निस्तरणं हे सगळं तिच्यावर येतं. तिची तयारी तेव्हा कळेल.

दोन लाख आत्ता देऊ नका. या पाच महिन्यांना फवारणीचा पंप, कात्र्या, खत आणि शंभर-दीडशे सावलीतली झाडं पुरतात. दहा-बारा हजारांत भागेल. केसर आंब्याची वगैरे कलमं विकायचं तिच्या मनात असेल, तर फळरोपवाटिकेला १९६९ च्या कायद्यानुसार कृषी विभागाचा परवाना लागतो आणि मातृवृक्ष दाखवावे लागतात. तो वेगळा आणि लांबचा रस्ता आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठातून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून शिकूनच त्याला हात घालावा.

रिंग रोडची ती जागा मनात असेलच, तर करार मेच्या शेवटच्या आठवड्याआधी करू नका. तेव्हा बोअर सलग तासभर चालवून बादलीनं पाणी मोजा. जागामालक तेव्हा मोजू देत नसेल, तर दुसरी जागा बघा.